जोडलं गेलंय, पण नेट नाही

मागच्या पावसाळ्यात कराडला भावाकडे दोन दिवस मुक्कामाला होते. पुतणीचे इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचे पर्याय भरायचे होते आणि मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. घरातलं ब्रॉडबँड सकाळपासून बंद, कारण कोपऱ्यावरच्या खोदकामात केबल तुटली होती. म्हणून तिने फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप जोडला. लॅपटॉपने पासवर्ड घेतला, वाय-फायची खूण पूर्ण भरली, आणि खाली अक्षरं आली: `No internet, secured`.

रात्रीचे साडेनऊ झाले होते. तिने हॉटस्पॉट तीनदा बंद-चालू केला, लॅपटॉप रीस्टार्ट केला, पासवर्ड बदलला. "आत्या, फोनवर नेट मस्त चालतंय. आत्ताच गॅलरीत उभी राहून कॉलेजचा व्हिडिओ बघितला. मग लॅपटॉपलाच काय झालंय?"

हा प्रश्न मी कॉलेजच्या संगणक विभागात असताना शेकडो वेळा ऐकला आहे. प्रत्येक वेळी मूळ गैरसमज एकच असतो. 'कनेक्टेड' हा शब्द वाचून आपल्याला वाटतं की लॅपटॉप इंटरनेटला जोडला गेला. तो जोडला गेलेला असतो फक्त फोनला.

एसटीच्या तिकिटासारखे इथेही टप्पे आहेत. पहिला टप्पा लॅपटॉप ते फोन. हा वाय-फायचा, आपल्या खोलीतल्या खोलीतला. दुसरा टप्पा फोन ते मोबाइल कंपनीचा टॉवर आणि तिथून पुढे बाहेरचं जग. हा सिमकार्डाचा, रिचार्जचा आणि रेंजचा. वाय-फायची खूण पूर्ण भरलेली दिसते ती फक्त पहिल्या टप्प्याची हजेरी असते. दुसऱ्या टप्प्यावर काय चाललं आहे, हे त्या खुणेला माहीत नसतं.

मग `No internet` हे विंडोज कशावरून ठरवतं? नेटवर्कला जोडलं गेल्यावर विंडोज गुपचूप एक अगदी छोटी फाइल मागवतं. ती `www.msftconnecttest.com` या पत्त्यावर असते आणि तिच्यात `Microsoft Connect Test` एवढेच शब्द असतात. ते शब्द परत आले तर नेट आहे, नाही आले तर नाही. म्हणजे तो शेरा अंदाजाने दिलेला नसतो, पण निदानही नसतं. ती छोटी फाइल वेळेत पोचली नाही, एवढाच त्याचा अर्थ. का पोचली नाही, ते आपल्याला शोधावं लागतं. त्यासाठी आधी कोणता टप्पा तुटला आहे ते बघायचं.

पुतणीच्या लॅपटॉपवर आम्ही विंडोजच्या सर्चमध्ये `cmd` लिहून काळी खिडकी उघडली आणि पहिली आज्ञा दिली.

```
ipconfig
```

उत्तरात बऱ्याच ओळी येतात. त्यातल्या वाय-फायच्या भागातल्या दोनच आपल्या कामाच्या: `IPv4 Address` आणि `Default Gateway`. पहिला लॅपटॉपचा पत्ता, दुसरा फोनचा. हॉटस्पॉट देताना फोन लॅपटॉपला स्वतःच एक पत्ता वाटून देतो. अँड्रॉइड फोनचा स्वतःचा पत्ता बहुधा `192.168` ने सुरू होतो. जुन्या फोनमध्ये तो ठरलेला `192.168.43.1` असायचा, नव्यांमध्ये बदलता असतो. आयफोनचा `172.20.10.1` असतो. असे आकडे दिसले तर पत्त्यांचं वाटप नीट झालं आहे.

इथे `169.254` ने सुरू होणारा पत्ता दिसला तर गोष्ट वेगळी. फोनकडून पत्ता आलाच नाही, म्हणून लॅपटॉपने स्वतःच स्वतःला एक तात्पुरता पत्ता घेतला आहे, असा त्याचा अर्थ. या पत्त्यावरून बाहेर जाता येत नाही. दोष पहिल्या टप्प्यात आहे, तेव्हा रिचार्ज तपासत बसण्यात अर्थ नाही.

पुतणीच्या लॅपटॉपला पत्ता नीट मिळाला होता. मग पुढच्या दोन आज्ञा दिल्या. पहिलीत फोनला हाक मारली, दुसरीत बाहेरच्या जगाला. `8.8.8.8` हा गूगलच्या एका सार्वजनिक सर्व्हरचा पत्ता आहे. तो लक्षात ठेवायला सोपा आणि जवळजवळ नेहमी उत्तर देणारा, म्हणून वापरायचा. पहिल्या ओळीत तुमच्या `Default Gateway` चा आकडा घालायचा.

```
ping 192.168.43.1
ping 8.8.8.8
```

प्रत्येक हाकेला चार उत्तरं यायला हवीत आणि प्रत्येकापुढे लागलेला वेळ मिलिसेकंदात लिहिलेला असतो. फोनने चार-पाच मिलिसेकंदांत चारही उत्तरं दिली. पहिला टप्पा ठणठणीत. `8.8.8.8` ला मारलेल्या चार हाकांपैकी दोन `Request timed out` म्हणून वाया गेल्या आणि उरलेल्या दोन परत यायला प्रत्येकी दोन सेकंदांहून जास्त लागले. चांगल्या 4G वर हे काम साधारण पन्नास-साठ मिलिसेकंदांत होतं.

रस्ता बंद असता तर चारही हाका वाया गेल्या असत्या. दोन परत आल्या, त्याही रखडत. म्हणजे रस्ता उघडा होता पण तुंबलेला होता. हा फरक फार उपयोगाचा आहे, कारण तुंबलेल्या रस्त्याचं पहिलं कारण बहुतेक वेळा रोजचा डेटा संपणं हे असतं.

आपल्याकडच्या बहुतेक प्रीपेड प्लॅनमध्ये रोजचा कोटा असतो. दीड जीबी, दोन जीबी, प्लॅनप्रमाणे. तो संपला की नेट बंद पडत नाही, वेग 64 केबीपीएसवर येतो. जाहिरातीत ही ओळ बारीक अक्षरात असते. 64 केबीपीएस म्हणजे सेकंदाला 64 किलोबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला फक्त आठ किलोबाइट. या वेगाने एक एमबी उतरायला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. प्रवेशाच्या वेबसाइटचं एखादं पान चित्रं आणि बाकी सामान धरून तीन एमबीचं असेल, तर ते उघडायला सहा मिनिटांच्या वर लागतील. इतका वेळ ब्राउझर थांबत नाही. तो मध्येच हात टेकतो आणि पान उघडत नाही असं सांगतो.

त्याच वेळी फोनवर व्हॉट्सॲपचा साधा मेसेज मात्र जातो, कारण त्याला एखाद-दुसरा किलोबाइट पुरतो. म्हणून माणूस म्हणतो, फोनवर नेट आहे, लॅपटॉपवर नाही. दोघांना मिळणारं नेट एकच असतं. फोन त्यात निभावून नेतो, लॅपटॉपला ते पुरत नाही.

लॅपटॉपला का पुरत नाही, हे तिच्या लॅपटॉपवर लगेच दिसलं. विंडोजच्या सेटिंगमध्ये `Network & internet` खाली `Data usage` नावाचं पान आहे. कुठल्या ॲपने किती डेटा खर्च केला याची तिथे यादी मिळते. सगळ्यात वर होतं फोटो आपोआप क्लाउडवर चढवणारं ॲप. दोन दिवसांपूर्वी तिने मामेभावाच्या लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवरून लॅपटॉपच्या `Pictures` फोल्डरमध्ये टाकले होते. ब्रॉडबँड बंद असल्याने ते अडकून पडले होते. संध्याकाळी हॉटस्पॉट मिळताच ॲपने ते वर चढवायला घेतले आणि सव्वा जीबीच्या आसपास डेटा तिथे गेला. कोट्यात फक्त डाउनलोड मोजतात असं अनेकांना वाटतं. अपलोडही तितकाच मोजला जातो.

फोनला आपण मोबाइल डेटावर आहोत हे कळतं, म्हणून तो हात राखून वागतो. ॲपचे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप वाय-फाय मिळेपर्यंत थोपवून धरायची सोय त्याच्यात असते. लॅपटॉपला समोर फक्त वाय-फाय दिसतं. ते घरच्या ब्रॉडबँडचं आहे की फोनच्या दोन जीबीचं, हे त्याला सांगितल्याशिवाय नेहमी कळत नाही. मग विंडोजचे शेकडो एमबीचे अपडेट, क्लाउडचा बॅकअप, गेमचे पॅच, जे काही साचलेलं असेल ते धावत सुटतं. कोटा संपल्यानंतरही ते मागे घेत नाही. उरलेल्या आठ किलोबाइटच्या वाटेवर त्याचीच रांग लागलेली असते, आणि विंडोजची ती चिमुकली तपासणी फाइल त्या रांगेत मागे उभी राहते. पुतणीच्या पडद्यावरचा `No internet` हा शेरा असा आला होता.

पण तिचा प्रश्न अजून सुटला नव्हता. "आत्या, डेटा संपला असता तर गॅलरीत व्हिडिओ कसा चालला?"

प्रश्न बरोबर होता आणि त्याचं उत्तर शोधायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला. फोन हातात घेऊन मी गॅलरीत गेले. वरच्या पट्टीत 5G लिहून आलं. आतल्या खोलीत, जिथे लॅपटॉपचं टेबल होतं, तिथे आले तर दहा-बारा सेकंदांत त्याचं 4G झालं. तिच्या प्लॅनमध्ये 5G वरचा डेटा अमर्याद होता आणि दोन जीबीचा कोटा 4G साठी होता. अशा प्लॅनमध्ये फोन 5G वर आहे तोवर कोट्याला धक्का लागत नाही. 4G वर उतरला की कोट्यातून कापायला लागतो आणि कोटा संपलेला असेल तर थेट 64 केबीपीएस. गॅलरीत तिने बघितलेला व्हिडिओ 5G वरचा होता. टेबलावरचा हॉटस्पॉट 4G वरचा होता. फोन तोच, सिम तेच, मधे फक्त दोन भिंती.

त्या भिंतींचा हात इथे खरोखर आहे. आपल्याकडे 2022 च्या ऑक्टोबरात 5G सुरू झालं, आणि त्यातला मोठा भार 3300 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर आहे. लहरींची वारंवारता जितकी जास्त तितक्या त्या काँक्रीटमधून कमी पार होतात. 4G साठी त्याहून कमी वारंवारतेचे पट्टे वापरात आहेत. म्हणून आरसीसी घराच्या आतल्या खोलीत 5G मावळतं आणि 4G उरतं. मधल्या जागेत फोन दोन्हींमध्ये हेलकावे खात राहिला, तर लॅपटॉपवरचं नेट क्षणात चालतं, क्षणात थांबतं. आणि अमर्याद 5G आहे या भरवशावर बसलेल्या माणसाचा कोटा त्याच्या नकळत संपत असतो.

म्हणून फोनवर नेट चालतंय का हे तपासताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. फोन ज्या जागी ठेवून हॉटस्पॉट द्यायचा आहे त्याच जागी तपासायचं. फोनचं स्वतःचं वाय-फाय बंद करायचं, नाहीतर तो शेजारच्या किंवा ऑफिसच्या वाय-फायवर चालत असतो आणि आपण समजतो मोबाइल डेटा चालला. आणि व्हॉट्सॲपवर न तपासता, एखादा व्हिडिओ चांगल्या दर्जात लावून बघायचा. कोटा किती उरला हे मोबाइल कंपनीच्या ॲपमध्येच बघावं. फोनच्या सेटिंगमधला आकडा फोनने केलेली मोजणी आहे. वेग कमी करण्याचा निर्णय कंपनी स्वतःच्या मोजणीवर घेते.

मर्यादा कधी कधी आपण स्वतःच फोनमध्ये घालून ठेवलेल्या असतात. अँड्रॉइडमध्ये `Data warning & limit` खाली आकडा भरला असेल, तर तो गाठल्यावर फोन मोबाइल डेटा बंद करतो. अनेक फोनमध्ये हॉटस्पॉटच्या पानावरही वेगळी मर्यादा घालायची सोय असते, आणि मुलांनी जास्त डेटा खर्च करू नये म्हणून घातलेला एक जीबीचा आकडा आई-वडिलांच्या लक्षातही राहत नाही. `Data Saver` चालू असेल तर बऱ्याच फोनमध्ये हॉटस्पॉट चालतच नाही. दोन सिम असतील तर मोबाइल डेटा कोणत्या सिमवर लावला आहे तेही बघावं. जिच्यावर पॅक नाही ती सिम निवडलेली सापडणं नवीन नाही. बऱ्याच दोन-सिम फोनमध्ये एका सिमवर फोन आला की दुसऱ्या सिमचा डेटा तेवढा वेळ थांबतो. बोलणं संपलं की लॅपटॉपचं नेट आपोआप परत येतं.

आता बँडकडे येते. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झ असे दोन पर्याय दिसतात. पहिलं म्हणजे 5 गिगाहर्ट्झ आणि 5G यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. 5 गिगाहर्ट्झ हा पहिल्या टप्प्यातला, फोन आणि लॅपटॉपमधल्या वाय-फायचा पट्टा. 5G हा दुसऱ्या टप्प्यातला, फोन आणि टॉवरमधला. हॉटस्पॉट 5 गिगाहर्ट्झवर ठेवला म्हणजे लॅपटॉपला 5G मिळालं असं होत नाही. आणि 2.4 वर ठेवला तरी फोनचं 5G जात नाही.

बँड चुकला तर नेहमीची खूण म्हणजे लॅपटॉपला हॉटस्पॉटचं नावच दिसत नाही. फोन 5 गिगाहर्ट्झवर आणि लॅपटॉप जुना, फक्त 2.4 ऐकणारा, असं झालं की यादीत सगळ्या शेजाऱ्यांची नावं येतात, आपल्या फोनचं येत नाही. लॅपटॉप काय काय ऐकू शकतो ते या आज्ञेने कळतं.

```
netsh wlan show drivers
```

उत्तरात `Radio types supported` या ओळीत `802.11b 802.11g 802.11n` एवढंच असेल, त्यात `802.11a` किंवा `802.11ac` नसेल, तर लॅपटॉप 2.4 वालाच समजावा. मग फोनच्या हॉटस्पॉटच्या पानावर `AP Band` किंवा `Hotspot band` अशा नावाखाली 2.4 निवडायचं. आयफोन 12 आणि त्यापुढच्या फोनमध्ये याच कामासाठी `Maximize Compatibility` नावाचं बटण आहे. जुन्या लॅपटॉपची आणखी एक अडचण असते. हॉटस्पॉटची सुरक्षा WPA3 वर असेल तर त्याला जोडताच येत नाही. ती WPA2 वर आणली की काम होतं.

लॅपटॉप जोडला गेला, पत्ता मिळाला, फोन चार मिलिसेकंदांत उत्तर देतो, आणि तरी नेट नाही, अशा वेळी मात्र बँड बदलून काही हाती लागत नाही. लोक इथे फार वेळ घालवतात. दोष दुसऱ्या टप्प्यात असताना पहिल्या टप्प्याची बटणं दाबत राहतात.

अपवाद एकच, आणि तो दाटीवाटीच्या इमारतींमध्ये भेटतो. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न अडवणाऱ्या वाहिन्या जेमतेम तीन. वीस बिऱ्हाडांचे वीस राउटर, ब्लूटूथ हेडफोन, मायक्रोवेव्ह, सगळे त्याच पट्ट्यात. तिथे लॅपटॉप जोडला गेलेला दिसतो, पण फोनला मारलेल्या हाकेलाच दोनशे-तीनशे मिलिसेकंद लागतात किंवा चारातल्या दोन वाया जातात. कधी पत्ताही मिळत नाही आणि तो `169.254` समोर येतो. अशा वेळी लॅपटॉपला जमत असेल तर 5 गिगाहर्ट्झ निवडावा आणि फोन त्याच टेबलावर ठेवावा, कारण हा पट्टा भिंतीपलीकडे लवकर दमतो.

बँडवरचा संशय एका झटक्यात मिटवायचा असेल तर चार्जिंगची केबल घ्यावी. फोन केबलने लॅपटॉपला जोडून हॉटस्पॉटच्या पानावर `USB tethering` चालू करायचं आणि लॅपटॉपचं वाय-फाय बंद करायचं. आता पहिल्या टप्प्यात वाय-फाय उरलंच नाही. नेट आलं तर दोष वाय-फायचा होता. नाही आलं तर बँडचा विषय संपला. केबल मात्र डेटा नेणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलने लॅपटॉपला फोन दिसतच नाही.

केबल लावूनही लॅपटॉपला नेट नाही, आणि त्याच जागी त्याच फोनवर वाय-फाय बंद करून व्हिडिओ मात्र झकास चालतो, असं झालं तर दोन शक्यता उरतात. एक तर लॅपटॉपमध्येच कुणीतरी काहीतरी पक्कं करून ठेवलं आहे, नाहीतर फोनमधून हॉटस्पॉटचा डेटा बाहेर पडायला वाट नाही. कोणतं ते कळायला दुसऱ्या कुणाचा फोन त्याच हॉटस्पॉटला जोडून बघावा. त्याला नेट मिळालं तर दोष लॅपटॉपचा. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे फार दिसतं. ऑफिसच्या नेटवर्कसाठी हाताने भरलेला पत्ता, प्रॉक्सी, किंवा चालू राहिलेलं व्हीपीएन हॉटस्पॉटवर आडवं येतं. `8.8.8.8` उत्तर देतो पण वेबसाइटचं नाव टाकलं की सापडत नाही, ही हाताने भरलेल्या डीएनएसची खूण. पत्ता आणि डीएनएस दोन्ही `Automatic (DHCP)` वर आणले की बहुतेक वेळा सुटतं. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर आधी तिथल्या संगणक विभागाला विचारावं.

दुसऱ्या कुठल्याही उपकरणाला नेट मिळत नसेल, तर हॉटस्पॉटलाच वाट नाही. हे समजायला फोन काय करतो ते बघू. हॉटस्पॉट देणारा फोन ऑफिसातल्या आवक-जावक कारकुनासारखा वागतो. लॅपटॉपचं पत्र आलं की त्यावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडून स्वतःचा घालतो, नोंदवहीत लिहितो आणि पुढे पाठवतो. उत्तर आलं की नोंद बघून लॅपटॉपला देतो. बाहेरच्याला वाटतं, पत्र फोनचंच होतं. आता मोबाइल कंपनी फोनला असं सांगून ठेवू शकते की स्वतःची पत्रं या दारातून पाठव आणि दुसऱ्यांची त्या दारातून. फोनच्या `APN` सेटिंगमध्ये `APN type` नावाचा रकाना असतो. त्यात `default` म्हणजे फोनचं स्वतःचं दार आणि `dun` म्हणजे हॉटस्पॉटचं. कुणी हाताने एपीएन भरताना तिथे फक्त `default` लिहिलं, तर काही फोनमध्ये नेमकं हेच होतं: फोनवर नेट उत्तम, लॅपटॉपवर शून्य. रकान्यात असं असायला हवं:

```
default,supl,dun
```

मात्र आकडे आणि अक्षरं चाळवण्याआधी त्या पानावरचं `Reset to default` दाबून बघावं. कंपनीने पाठवलेलं मूळ सेटिंग परत येतं आणि बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

भारतातल्या नेहमीच्या प्लॅनमध्ये फोनवरचा डेटा आणि हॉटस्पॉटचा डेटा यांत सहसा फरक केला जात नाही. एकच कोटा, कसाही वापरा. त्यामुळे आपल्याकडून अमेरिकेत मुलांकडे गेलेले आई-वडील तिथे गोंधळतात. तिथल्या अनेक प्लॅनमध्ये फोनवर डेटा अमर्याद असतो, पण हॉटस्पॉटसाठी वेगळा, मोजका कोटा असतो किंवा अजिबात नसतो. तो संपला की फोनवर सिनेमा चालतो आणि लॅपटॉपवर ईमेलही उघडत नाही. प्लॅन घेताना हॉटस्पॉटची ओळ वेगळी वाचावी, आणि परदेशात चालणारा भारतीय रोमिंग पॅक घेतानाही तेच विचारून घ्यावं.

कारकुनाने पत्ता बदलला तर पत्र लॅपटॉपचं आहे हे कंपनीला कळतं कसं? प्रत्येक पत्रावर एक आकडा असतो, टीटीएल. पत्र ज्या ज्या हातातून जातं तो प्रत्येक जण त्यातून एक वजा करतो. फोन स्वतःची पत्रं 64 हा आकडा घालून पाठवतो. विंडोज 128 घालतं. ते फोनमधून पुढे जाताना 127 होतं. मॅकचं 64 चं 63 होतं. टॉवरकडे 64 ऐवजी 127 किंवा 63 आला, की मागे आणखी कुणीतरी आहे हे उघड होतं.

या वेगळ्या आकारणीवर तिथे वादही झाले आहेत. व्हेरायझन ही मोठी अमेरिकी मोबाइल कंपनी हॉटस्पॉटसाठी महिन्याला 20 डॉलर वेगळे घेत असे, आणि तो खर्च वाचवणारी ॲप्स गूगलच्या ॲप बाजारातून दिसेनाशी करण्याची तिने मागणी केली होती. ज्या लहरी तिने लिलावात घेतल्या होत्या त्यांच्या अटींत ग्राहकाला ॲप निवडण्याची मोकळीक होती. 31 जुलै 2012 रोजी तिथल्या दूरसंचार आयोगाशी तडजोड झाली. कंपनीने साडेबारा लाख डॉलर भरले, आणि मोजून डेटा घेणाऱ्या ग्राहकांनी अशी ॲप्स वापरली तर आड न येण्याचं कबूल केलं. मला यातला मुद्दा रास्त वाटतो. दोन जीबीचे पैसे भरले असतील तर ते दोन जीबी कुठल्या पडद्यावर खर्च करायचे हे ग्राहकाने ठरवावं.

कराडच्या त्या रात्री यातलं काहीच नव्हतं. क्लाउडवर फोटो चढवणारं ॲप थांबवलं. वाय-फायच्या नावावर क्लिक करून `Properties` मध्ये `Metered connection` चालू केलं. हे नेट मोजून मिळतं हे विंडोजला त्यामुळे कळतं आणि बहुतेक अपडेट ते थोपवून धरतं. काही ॲप्स ही सूचना पाळत नाहीत, म्हणून फोटोंचं ॲप हाताने थांबवावं लागलं. मग टेबलच गॅलरीच्या दाराशी ओढलं आणि फोन खिडकीच्या गजांपाशी, पावसाचे शिंतोडे येणार नाहीत असा ठेवला. वरच्या पट्टीत 5G आलं. पुन्हा `ping 8.8.8.8` दिलं, चारही उत्तरं चाळीस मिलिसेकंदांच्या आत आली आणि वाय-फायच्या खुणेखालची ती ओळ गेली.

पर्याय भरता भरता सव्वादहाला भावाच्या मित्राचा तिच्या दुसऱ्या सिमवर फोन आला आणि पान अडकलं. तिने घाबरून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बोलणं होऊ दे, थांब." फोन ठेवल्यावर पान पुढे सरकलं. अकराच्या आत सगळे पर्याय भरून कायम केले. शेवटी पावतीची पीडीएफ उतरवताना फोन पुन्हा 4G वर घसरला. पावती 180 केबीची होती. आठने भागलं तर साडेबावीस सेकंद. आम्ही दोघी घड्याळाकडे बघत बसलो, आणि ती पंचविसाव्या सेकंदाला आली.